नाही म्हणण्याचा मायना

शाळेत आपण मुलांना किती तऱ्हांची पत्रे लिहायला शिकवतो! मागणीपत्र, विनंतीपत्र, तक्रारीचे पत्र, अभिनंदनाचे पत्र. नोकरीचा अर्ज तर इतका घोटवून घेतो की, पुढे नोकरी मिळो न मिळो, अर्ज मात्र झोपेतही लिहिता यावा. पण त्या अर्जाला समोरून होकार आला आणि आता आपल्यालाच त्या होकाराला नकार द्यायचा आहे, तर लेखणी कशी धरावी, हे काही कोणी शिकवत नाही. गेली अठरा वर्षे मी मराठी शिकवतो आहे. अभ्यासक्रम चार वेळा बदलला, पण त्यात हे पत्र काही मला भेटले नाही. बहुधा मध्यमवर्गाच्या घरात नोकरी नाकारण्याची पाळी येते, हेच आपल्याला अजून खरे वाटत नसावे.

पण ती येते. आणि आली की सुशिक्षित माणसेही तीनपैकी एक काहीतरी करतात. काहीजण गप्प बसतात. काहीजण ‘जरा विचार करून कळवतो’ म्हणत पंधरा दिवस काढतात. आणि उरलेले दीड पानाचे असे काही पत्र लिहितात की, वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळू नये, बाई येणार आहे की नाही.

या तिसऱ्या जातीचे एक पत्र २०२५ च्या ऑगस्टात माझ्याकडे तपासायला आले. माझी एक जुनी विद्यार्थिनी. एम. ए. झाल्यावर तीन वर्षे एका छापखान्यात मुद्रिते तपासत होती, मग ती जागाच बंद झाली. दोन महिने अर्ज करण्यात गेले आणि एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून बोलावणे आले. सोमवारी, १८ ऑगस्टला, पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेचे पत्र : सहायक संपादक, दरमहा बत्तीस हजार, १ सप्टेंबरला रुजू व्हावे, होकार सात दिवसांत लेखी कळवावा. गुरुवारी संध्याकाळी मुंबईच्या एका भाषांतराच्या कंपनीचे पत्र : सत्तेचाळीस हजार, आठवड्यातून दोनच दिवस कचेरीत जायचे, बाकीचे काम घरून. शिवाय तिला भाषांतराचेच काम शिकायचे होते. तेव्हा कोणते घ्यावे हा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता तो पुण्याच्या गृहस्थांना काय सांगावे हा. त्यांनी तिची मुलाखत स्वतः घेतली होती आणि दोन तास घेतली होती. वय सत्तरीच्या घरातले. मराठी पुस्तकांची दुनिया तरी केवढी! एका चहाच्या टपरीवर निम्मी भेटते. आज ज्यांना नाही म्हणायचे, त्यांच्या दारात उद्या उभे राहावे लागणार नाही, असे कोणी सांगावे?

तिच्या वडिलांचे मत सरळ होते. “कळवायचे कशाला? एक तारखेला गेली नाहीस म्हणजे समजतील ते.” असे मत असणारे पुष्कळ आहेत, आणि ते वाईट लोक नाहीत. त्यांना वाटते, नकार कळवणे म्हणजे एखाद्याच्या तोंडावर दार आपटणे, त्यापेक्षा गुपचूप न गेलेले बरे. पण पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या माणसाचे काय होते ते पाहा. ऑगस्टाची अखेर म्हणजे दिवाळी अंकांची मुद्रिते ढिगाने येऊन पडण्याचे दिवस. गणपती पाच दिवसांवर आलेले, त्यात छापखान्याला सुट्ट्या. ही मुलगी एक तारखेला आली नाही हे त्या गृहस्थांना कळणार एक तारखेला दुपारी. तोवर दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार कंटाळून दुसरीकडे लागलेला. न कळवल्यामुळे कोणाचे मन राखले जात नाही, फक्त त्याचे दहा दिवस जातात. आणि माणसे मन दुखावल्याचे विसरतात, दिवस वाया गेल्याचे विसरत नाहीत.

गुरुवारी रात्री तिचा फोन आला. “सर, पुण्याचे लगेच नाकारून टाकू ना?”

“थांब. मुंबईचे हातात आहे का?”

“आहे ना, मेल आली आहे.”

“सही करून पाठवलीस?”

पाठवली नव्हती. शिवाय त्या पत्रात, अशा पत्रांत बहुतेक असते तसे, खाली बारीक अक्षरात एक वाक्य होते : कागदपत्रांची पडताळणी समाधानकारक झाल्यास. म्हणजे ही फांदी अजून वाळायची होती की फुटायची, ते ठरायचे होते. नाकारण्याचे पत्र लिहिण्याआधीचे काम ते हे. चांगली नोकरी ‘मिळाली’ असे आपण म्हणतो ते पुष्कळदा फोनवरच्या गोड आवाजाच्या जोरावर. पत्र हातात, आपला होकार त्यांच्या हातात, आणि तो पोचल्याची त्यांची पावती आपल्या हातात, एवढे झाल्याशिवाय पहिल्या जागेला हात लावू नये. शुक्रवारी सकाळी तिने मुंबईला फोन करून सरळ विचारले की पडताळणीत काय काय पाहता आणि किती दिवस लागतात. त्यांना पदवीची प्रमाणपत्रे आणि आधीच्या जागेचे कार्यमुक्तीचे पत्र हवे होते. दोन्ही तिच्याजवळ होती. अकराच्या सुमारास सही करून तिने होकार पाठवला, साडेअकराला पोचल्याचे उत्तर आले. जिथे असे कागद जवळ नसतात, किंवा पडताळणीला महिना लागेल असे सांगतात, तिथे गोष्ट अवघड होते. मग पहिल्या ठिकाणी चार दिवस वाढवून मागावेत, आणि तेही एकदाच. तेवढ्यात ठरले नाही तर कोणता धोका पत्करायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगतो, कारण ती मला फार गंमतीची वाटते. आपला कराराचा कायदा १८७२ सालचा. त्यात म्हटले आहे की, टपालाने पाठवलेला होकार समोरच्याच्या हाती पडेपर्यंत तुम्हाला तो मागे घेता येतो, पडल्यानंतर नाही. आणि मागे कसा घ्यायचा, तर त्या कायद्यातल्या उदाहरणात चक्क तार आहे. म्हणजे सकाळी होकाराचे पत्र पेटीत टाकावे, दुपारी पश्चात्ताप व्हावा आणि संध्याकाळी तार करून पोस्टमनला गाठावे! तारेची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, आणि आता मेल बोट उचलायच्या आत पोचते. तेव्हा होकार पाठवून मग मागे घेऊ, ही सोय गेलीच म्हणायची. माझ्या विद्यार्थिनीने पुण्याला ‘आवडेल मला, कळवते’ इतकेच म्हटले होते, लेखी होकार दिला नव्हता, म्हणून तिचे पत्र नकाराचे होते. ज्याने सही करून दिली आहे, त्याचे पत्र वेगळे. त्याला आधी स्पष्ट क्षमा मागावी लागते, आणि सही केलेल्या कागदावर नोटिशीचे किंवा भरपाईचे काही कलम आहे का, हेही पाहावे लागते.

आता तिच्या पहिल्या खर्ड्याकडे वळू. सुरुवात ‘स. न. वि. वि.’ अशी होती. वास्तविक हा मायना सुरेख आहे, पण त्यातल्या ‘विनंती विशेष’ने वाचणारा विनंतीची वाट पाहू लागतो, आणि इथे विनंती काही नव्हतीच. त्यानंतर संस्थेच्या परंपरेबद्दल नऊ ओळी. मग हे वाक्य : “सध्याची कौटुंबिक परिस्थिती आणि इतर काही कारणे पाहता, इच्छा असूनही, आपल्याकडे ताबडतोब रुजू होता येईल असे वाटत नाही.”

आमच्या सौभाग्यवतींनी चहा ठेवता ठेवता हे वाक्य वाचले आणि विचारले, “म्हणजे गणपतीनंतर येणार आहे का ही?”

अगदी बरोबर प्रश्न. मी वर्गात तासभर बोललो असतो तरी इतके नेमके सांगता आले नसते. ‘सध्या’, ‘ताबडतोब’, ‘वाटत नाही’ : तीन शब्द, आणि तिन्ही दार अर्धवट उघडे ठेवणारे. तिला वाटत होते की पुढची वाट मोकळी ठेवायची ती अशी. पण दार अर्धे उघडे राहिले की समोरचा माणूस आत डोकावतोच. तो लिहिणार, ‘पंधरा सप्टेंबर चालेल का?’ कौटुंबिक अडचण म्हणताच विचारणार, ‘सकाळी उशिरा आलात तर?’ भला माणूस अडचण दूर करायला धावतो आणि ती अडचण मुळात नाही, असे निघते. मग दुसरे पत्र लिहायचे, आणि त्यात पहिले खोटे होते हे उघडे पडायचे. शिवाय महिन्याभरात ती मुंबईच्या कंपनीत लागल्याचे कोणी ना कोणी त्यांना सांगणारच होते.

मराठीत नकाराच्या किती छटा आहेत! ‘रुजू होणार नाही’ यात हट्ट आहे. ‘रुजू होता येणार नाही’ यात अडचण आहे, माणूस कुठेतरी क्रियापदाच्या आड जाऊन बसला आहे. ‘स्वीकारू शकत नाही’ यात माणूस समोर आहे, पण बांधलेला आहे. मी तिला हेच वाक्य घे म्हटले, आणि त्याला लागूनच तो कशाने बांधला आहे ते लिही म्हटले : मी दुसरीकडे होकार दिला आहे. अकरा वाजता तिने तो खरोखरच दिला होता, म्हणून साडेअकरानंतर ‘शकत नाही’ हे शब्द अक्षरशः खरे होते. दिलेला शब्द ही एकच अशी अडचण आहे की जी दूर करायला कोणी सभ्य माणूस येत नाही. उलट, शब्द पाळणारी मुलगी म्हणून मनात नोंद करून ठेवतो.

खर्ड्याच्या दुसऱ्या पानावर पगाराचा उल्लेख होता : “तिथे मला जवळजवळ दीडपट वेतन मिळत असल्यामुळे...” यात खोटे काही नाही. पण आकडा लिहिला की पत्र नकाराचे राहत नाही, ते घासाघिशीचे होते. समोरच्याला वाटते, छत्तीस म्हटले तर येईल. नाही म्हटले तरी तो विचार करत दोन दिवस घालवतो. कंपनीचे नाव लिहायचीही गरज नसते. कोणी विचारले तर सांगावे, लपवू नये.

आणि शेवटी ते, ज्यासाठी ती फार धडपडली होती : “फावल्या वेळात आपली मुद्रिते तपासून देण्यास मी सदैव तयार आहे. तसेच माझी एक वर्गमैत्रीण या जागेसाठी योग्य आहे.” मी तिला मुंबईचे नेमणूकपत्र पुन्हा वाचायला सांगितले. सातव्या कलमात स्पष्ट होते की, लेखी परवानगीशिवाय बाहेरचे पैशाचे काम करता येणार नाही. असे कलम पुष्कळ नेमणूकपत्रांत असते. म्हणजे एका मालकाला नाही म्हणताना ती दुसऱ्याचा करार मोडण्याचे वचन देत होती. आणि ती वर्गमैत्रीण? तिला विचारलेच नव्हते! विचारले तेव्हा कळले की ती नागपूरला स्थायिक झाली आहे.

पत्राआधी फोन करावा की नाही, याबद्दल दोन मते आहेत. मला वाटते, ज्याने आपल्याला समोर बसवून दोन तास दिले, त्याला आधी आवाजाने सांगावे. पत्र त्यानंतर लगेच, त्याच दुपारी, नेमणूकपत्रावर ज्याची सही आहे त्याच्या नावे पाठवावे. फोन माणसासाठी, पत्र त्याच्या फायलीसाठी. नुसत्या फोनवर भागवले तर सहा महिन्यांनी कचेरीतल्या कोणाला आठवत नाही की या बाईंनी कळवले होते की नुसत्याच आल्या नाहीत. बाराला तिने फोन केला. गृहस्थांनी ऐकून घेतले आणि विचारले, “किती देतात ते?” हा प्रश्न येणार हे ठरलेलेच असते. ती म्हणाली, “सर, जास्त देतात, पण आता आकड्याने काही बदलणार नाही. मी त्यांना शब्द देऊन बसले आहे.” पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, “बरं, लेखी पाठवा.”

एक वाजता हे पत्र गेले. जसेच्या तसे देतो.

विषय : सहायक संपादक पदावरील नेमणूक (आपले पत्र, दि. १८ ऑगस्ट) – नम्र नकार

माननीय महोदय,
सविनय नमस्कार.

आपले नेमणुकीचे पत्र मिळाले. आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहे. मात्र ही नेमणूक मी स्वीकारू शकत नाही. दुसऱ्या एका संस्थेतील काम मी स्वीकारले असून तिथे आज लेखी होकार दिला आहे. आपल्याला दुसऱ्या उमेदवाराचा विचार वेळेवर करता यावा, म्हणून सात दिवसांची मुदत संपण्याची वाट न पाहता कळवत आहे.

मुलाखतीच्या दिवशी मी तपासलेली मुद्रिते आपण माझ्यासमोर पुन्हा तपासलीत, आणि लेखकाची चूक कोणती व लेखकाची लकब कोणती, हे खुणा करून दाखवलेत. मी दुरुस्त केलेली तीन वाक्ये आपण पुन्हा होती तशी केलीत. ते मला पुढच्या कामात उपयोगी पडेल.

आपण वाचायला दिलेली संस्थेच्या लेखननियमांची पुस्तिका आजच रजिस्टर्ड टपालाने परत पाठवत आहे.

पुढे कधी आपल्याकडे जागा निघाली, तर नव्याने अर्ज करायला मला आवडेल.

आपली नम्र,

संपले. परंपरेच्या नऊ ओळी गेल्या, त्यांच्या जागी ती तीन वाक्ये आली. आभार कोणीही मानतो, पण ती तीन वाक्ये त्या मुलाखतीला बसलेल्या माणसाशिवाय कोणाला लिहिता येणार नाहीत. वाचणाऱ्याला कळते की आपले दोन तास अगदीच वाया गेले नाहीत.

शेवटच्या ओळीवर मात्र आमचा वाद झाला. तिला लिहायचे होते, “भविष्यात संधी मिळाल्यास अवश्य विचार व्हावा.” मी म्हटले, यात तू त्यांच्यावर काम टाकते आहेस. तुझे नाव त्यांनी लक्षात ठेवायचे, जागा निघाली की त्यांनी तुला शोधायचे. कशासाठी? नाही तर तू म्हणते आहेस. ‘नव्याने अर्ज करायला आवडेल’ यात चालत येण्याचे काम तुझे. तुझ्यासाठी कोणी खुर्ची राखून ठेवायची नाही, बाकीच्यांच्या रांगेत तू उभी राहणार. ‘नव्याने’ हा शब्द तिला जरा अपमानाचा वाटत होता. पण राहिला.

ती पुस्तिका म्हणजे चाळीस पानांची, झेरॉक्स काढून टाचलेली वही. विकायला काढली तर रद्दीवाला पाच रुपये देईल. पण संस्थेच्या घरातली वस्तू आपल्याकडे राहणे बरे नव्हे. अशी एखादी वस्तू, मूळ प्रमाणपत्रे, कचेरीत शिरण्याचे ओळखपत्र, काही देणे-घेणे असेल तर त्याचा उल्लेख त्याच पत्रात असावा. नाहीतर महिन्याने ‘ते आमचे अमुक तुमच्याकडे राहिले आहे’ असा फोन येतो, आणि तेव्हाचे बोलणे काही गोड होत नाही.

शनिवारी उत्तर आले. दोन ओळींचे. “आपला निर्णय कळला. दुसऱ्या उमेदवाराशी कालच बोललो, तो एक तारखेपासून येतो आहे.” ना शुभेच्छा, ना आशीर्वाद. मुलगी हिरमुसली. “सर, रागावले वाटते.” मी ते उत्तर दोनदा वाचले. मला त्यात राग दिसला नाही. हातात मुद्रिते असलेल्या माणसाने दोन मुद्रितांच्या मध्ये लिहिलेल्या त्या ओळी होत्या. आणि दुसरी ओळ लिहिण्याची त्यांना काही गरज नव्हती. ‘कालच’ या शब्दाकडे मी तिचे लक्ष वेधले.

“मग आता उत्तर देऊ का? आभाराचे?”

“नको. पत्राला पत्र, त्याला पत्र, असे केलेस तर त्यांना वाटेल तुझे मन अजून डळमळते आहे. त्यांचा दिवाळी अंक निघेल तो विकत घे, वाच, आणि त्यातल्या एखाद्या लेखाबद्दल खरेच काही सांगावेसे वाटले तर चार ओळी लिही. नोकरीचा विषय काढू नकोस.”

अंक आला तो तिने घेतला. पाडव्याच्या दिवशी तिने लिहिले ते एका प्रवासवर्णनाबद्दल होते. लेखकाची बोली संपादकांनी तशीच राहू दिली, हे तिला आवडले होते. पानाचा आकडा तेवढा तिने न विसरता घातला होता.